गेली नाही, नेली

मराठीत निवेदन लिहायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याचं पोट दुखतं तो लिहितो, ज्याला लिहिता येत नाही तो सांगतो आणि दुसरा उतरवून घेतो. पण तेच निवेदन इंग्रजीत न्यायचं म्हटलं की एखादा शहाणा माणूस शोधावा लागतो. तो चष्मा लावतो, लाल पेन उघडतो आणि आपलं दुःख व्याकरणशुद्ध करून देतो. वाक्यं गुळगुळीत होतात, आपण खूश होतो, कुठंतरी छापूनही येतं. आणि वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की यात गुन्हा कुणी केला.

आता कुणी म्हणेल, तू दहावी पास हमाल, बंदरावर गोणी उचलतोस, तुला इंग्रजीतलं काय कळतं? बरोबर आहे. मला कळतं ते बंदरावरच्या कागदांपुरतं आणि फाटक्या डिक्शनरीपुरतं. पण मराठी मला कळतं. कोयनेच्या खोऱ्यात माणूस कसा बोलतो ते कळतं. इंग्रजीत काय हरवलं हे पाहायला तेवढं पुरतं, कारण हरवलेली वस्तू ज्याची असते त्यालाच ती ओळखू येते. मोडकं इंग्रजी तसंच छापा, तोच आपला विद्रोह, असलं खूळही माझ्या डोक्यात नाही. मोडकं इंग्रजी वाचून लोक हसतात आणि पान उलटतात. दुरुस्ती झालीच पाहिजे. भांडण एवढंच आहे की दुरुस्त काय करायचं.

माझ्यापुढं तीन कागद आहेत. पहिला मराठी निवेदनाचा, कोयनानगर परिसरातल्या धरणग्रस्तांनी लिहिलेला. सरकारला द्यायचा आणि त्याची इंग्रजी नक्कल एका मासिकाला पाठवायची असं ठरलं होतं. दुसरा कागद म्हणजे वाडीतल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरानं शब्दाला शब्द ठेवून केलेलं इंग्रजी. तिसरा कागद शहरातल्या एका भल्या माणसानं सुधारलेला. माणूस खरंच भला, पैसे घेतले नाहीत, दोन रात्री जागला. म्हणूनच त्याच्यावर लिहितोय. वाईट माणसानं वाईट केलं यात लिहिण्यासारखं काय आहे?

मराठी कागदावरचं एक वाक्य घ्या : भूकंपात घर गेलं, धरणात जमीन गेली.

पोरानं केलं : इन अर्थक्वेक हाऊस वेंट, इन डॅम लँड वेंट. म्हणजे भूकंपात घर चालत निघालं आणि धरणात जमीन फिरायला गेली. इंग्रजीत ‘वेंट’ला पाय असतात. मराठीत ‘जाणं’ म्हणजे नष्ट होणंही असतं, जीव जातो, नोकरी जाते, अब्रू जाते. ते इंग्रजीत त्या शब्दानं येत नाही. आधी ‘अ’ किंवा ‘द’ नाही, घर कुणाचं ते नाही. हे दुरुस्त करायलाच हवं होतं.

भल्या माणसानं केलं : वुई लॉस्ट अवर होम टु द अर्थक्वेक अँड अवर लँड टु द डॅम.

एकदम झकास इंग्रजी. कुठं बोट ठेवायला जागा नाही. आणि इथंच घात आहे. पहिलं म्हणजे ‘लॉस्ट’ या क्रियापदाचा कर्ता आम्हीच झालो. छत्री हरवली, पाकीट हरवलं, तशी आम्ही जमीन हरवली. दुसरं म्हणजे भूकंप आणि धरण एका दावणीला बांधले गेले. एक निसर्गाचा कोप, दुसराही तसाच. वाचणारा साहेब हळहळतो आणि म्हणतो, बिचारे, एकामागून एक संकटं आली.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं तेव्हा कुणी सहीशिक्क्याचा हुकूम काढला नव्हता. माणसं झोपेत गाडली गेली. तिथं ‘घर पडलं’ हेच खरं आहे. पण धरणाला सही होती, नकाशा होता, भूसंपादनाचा निवाडा होता. १०३ मीटर उंचीची भिंत आपोआप उगवत नाही. शंभर टीएमसीच्या वर पाणी एखाद्या खोऱ्यात साठवायचं ते कुणीतरी ठरवून साठवतो, आणि त्याखाली कुणाची जमीन जाणार याचीही यादी कुणीतरी बसून करतो. एका घटनेला कर्ता नाही, दुसरीला आहे. मराठी वाक्यानं दोन्हीला ‘गेलं, गेली’ म्हणून एका मापानं मोजलं, आणि सुधारणाऱ्यानं ते माप तसंच पुढं नेलं, फक्त पॉलिश करून.

मग वाक्य कसं व्हायला हवं? एकाची दोन करायची. द गव्हर्नमेंट टुक अवर लँड फॉर द डॅम. द अर्थक्वेक ऑफ १९६७ ब्रॉट डाऊन अवर हाऊस. सरकारनं जमीन घेतली. भूकंपानं घर पाडलं. दोन वाक्यं, दोन कर्ते. क्रमही मी मुद्दाम उलटा केला. धरणात पाणी साठायला सुरुवात झाली ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, भूकंप त्यानंतरचा. मराठीत घर आधी आलं कारण बोलणाऱ्याला घराची आठवण आधी आली. आपल्या माणसाला तारखा ठाऊक असतात म्हणून चालतं. बाहेरच्या वाचणाऱ्याला वाटेल की भूकंपात उद्ध्वस्त झालेल्यांची जमीन सरकारनं नंतर घेतली. जमिनीच्या वाक्यातही वर्ष पाहिजे, पण ते आठवणीनं टाकायचं नाही. ज्याच्या त्याच्या निवाड्याच्या कागदावर किंवा फेरफारावर जे असेल तेच टाकायचं. एकाचं वर्ष दुसऱ्याला लावलं की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

इथं एक गोष्ट बाजूला सांगून टाकतो. कोयनेचा भूकंप धरणातल्या पाण्यामुळंच ओढवला असं मानणारे शास्त्रज्ञ बरेच आहेत, आणि जगभरच्या अभ्यासात असल्या भूकंपाचं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतात. तेव्हा आमच्या एका पोराचं म्हणणं पडलं की भूकंपाचाही कर्ता सरकारच लिहा. मी म्हटलं, नाही. ते लिहायचं तर ‘अनेक शास्त्रज्ञ असं मानतात’ म्हणून वेगळं वाक्य लिही. एका क्रियापदात कोंबू नकोस. कर्ता शोधायचा म्हणजे दिसेल त्याच्या गळ्यात घंटा बांधायची असं नव्हे.

तिसऱ्या कागदावर पुढच्या परिच्छेदात भल्या माणसानं लिहिलंय : अवर लँड वॉज अक्वायर्ड. जमीन संपादित करण्यात आली. ही कर्मणी वाक्यरचना म्हणजे सुशिक्षितांची लाडकी पोरगी. बंदरावर मी ती रोज बघतो. गोण्या फाटल्या की कागदावर शेरा पडतो : बॅग्ज फाउंड टॉर्न. गोण्या फाटलेल्या आढळल्या. कुणी फाडल्या? जहाजातच फाटून आल्या, क्रेनच्या जाळ्यानं फाटल्या, की हमालाच्या आकड्यानं? शेरा गप्प. आणि शेरा गप्प राहिला की आळ कुणावर येतो ते बंदरावर काम करणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

तपासायची रीत सोपी आहे, इंग्रजी कमी येत असलं तरी जमते. इंग्रजी कागद घ्यायचा, प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि त्याला एकच प्रश्न विचारायचा : कुणी? उत्तर वाक्यात असेल तर पुढं जायचं. वाक्यात नसेल पण आपल्याला पुराव्यासकट ठाऊक असेल तर तो कर्ता वाक्यात आणून बसवायचा. आणि आपल्यालाच ठाऊक नसेल तर वाक्य तसंच सोडायचं. आमच्या निवेदनात एक ओळ होती : नुकसानभरपाईचे पैसे मधल्यामध्ये खाल्ले. पोरानं केलं : मनी वॉज ईटन इन मिडल टु मिडल. हसू नका, त्यानं इमानानं केलंय. कुणी खाल्ले असं मी विचारलं तर पाच जणांनी पाच नावं सांगितली, कागद एकाकडंही नाही. तिथं मी सुचवलं : द मनी डिड नॉट रीच अस. पैसे आमच्यापर्यंत पोचले नाहीत. एवढं आपण शपथेवर सांगू शकतो. त्यापुढचं नाही.

आता काळाची भानगड. मराठीत : आम्हाला पर्यायी जमीन मिळाली नाही, साठ वर्षं झाली. पोराचं इंग्रजी : सिक्स्टी इयर्स हॅपन्ड. वर्षं ‘घडली’. भल्या माणसानं ते काढलं आणि लिहिलं : वुई डिड नॉट रिसीव्ह आल्टर्नेट लँड. व्याकरण शुद्ध. पण ‘डिड नॉट’ म्हणजे तेव्हा मिळाली नाही, विषय संपला. इतिहासाच्या पुस्तकातलं वाक्य झालं ते. खरं वाक्य : वुई हॅव नॉट रिसीव्ड द लँड. आजपावेतो मिळालेली नाही, म्हणजे देणं अजून बाकी आहे. इंग्रजीत ‘हॅव नॉट’मध्ये दावा जिवंत राहतो, ‘डिड नॉट’मध्ये त्याचं श्राद्ध होतं. मराठीत हा फरक ‘मिळाली नाही’ आणि ‘मिळालेली नाही’ यात थोडा आहे, पण बोलताना आपण दोन्ही एकच वापरतो, म्हणून उतरवणारा फसतो. एक पथ्य मात्र पाळायचं. ज्या वाक्यात गेलेलं साल आहे तिथं ‘हॅव’ चालत नाही. सालाबरोबर ‘टुक’, आजवर न मिळालेल्याबरोबर ‘हॅव नॉट रिसीव्ड’. साठ वर्षं ठेवायचीत तर ‘वुई हॅव बीन वेटिंग फॉर सिक्स्टी इयर्स’, साठ वर्षं वाट पाहतोय. पोरांनी हे पाठ केलं तरी अर्ध्या निवेदनांचं भलं होईल.

यापुढची जागा माझ्या जिव्हारी लागलेली. मराठीत लिहिलंय : आमची वाडी गावाबाहेर होती. पोरानं केलं : अवर वाडी वॉज आउटसाइड व्हिलेज. एक ‘द’ घातला असता की काम झालं होतं. पण भल्या माणसाला ते ओबडधोबड वाटलं. त्यानं केलं : अवर हॅम्लेट ले ऑन द आउटस्कर्ट्स ऑफ द व्हिलेज. गावाच्या सीमेवर, कडेकडेला. वाचलं की डोळ्यापुढं हिरवीगार कड येते, झाडंबिडं येतात. आउटस्कर्ट्सवर कुणीही राहतं, पुण्याच्या आउटस्कर्ट्सवर बंगले आहेत. गावाबाहेर कुणीही राहत नाही. गावाबाहेर ठेवलं जातं. ‘बाहेर’ हा आपल्याकडं भूगोलातला शब्द नाही, तो कायदा होता, मनुस्मृतीपासून चालत आलेला. ती जागा जातीनं ठरवलेली. आणि या ठिकाणी बाहेर असण्याला पुनर्वसनातही अर्थ आहे : जिथं जमीन नावावर नव्हती, वतनाच्या किंवा वाट्याच्या जमिनीवर पोट होतं, तिथं निवाड्यात नाव लागायलाच झगडा. इंग्रजी वाचणाऱ्याला ‘बाहेर’ कळलं नाही तर पुढचा हा झगडाही कळणार नाही. म्हणून ‘आउटसाइड द व्हिलेज’ आणि लगेच एक साधं वाक्य, की अस्पृश्य मानलेल्यांना गावात राहायला बंदी होती म्हणून वाडी बाहेर होती. वाक्य कुरूप दिसेल. गोष्टच कुरूप आहे.

सुधारणाऱ्याला जे वाक्य खडबडीत लागतं ते दोन कारणांनी लागतं. एक, भाषा खरंच चुकलेली असते. दोन, त्याला त्या गोष्टीची सवय नसते. पहिलं दुरुस्त करायचं आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही. यातला फरक एकट्यानं पेन घेऊन बसलेल्या माणसाला कळणं कठीण, कारण दोन्हीकडं त्याला सारखंच टोचतं. उलट काही ठिकाणी सांभाळण्यासारखं काहीच नसतं. निवेदनात ‘घरदार, शेतीभाती, गुरंढोरं’ असं आलंय. पोरानं एकेक शब्द उतरवून हाऊस-डोअर, फार्मिंग-राइस, कॅटल-बीस्ट केलं. मराठीत ही जोडीनं बोलायची लकब आहे, दुसरा शब्द नुसता पहिल्याला टेकू देतो. इंग्रजीत होम, फील्ड्स, कॅटल. तीन शब्द, संपलं. तिथं मी भल्या माणसाच्या बाजूनं आहे.

‘धरणग्रस्त’वर मात्र बरीच वादावादी झाली. सरकारी इंग्रजीत त्याला प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन म्हणतात, तेही लांब वाटतं म्हणून पीएपी. अफेक्टेड म्हणजे बाधित. प्लेगबाधित म्हणतात तसं. माझं मत, पहिल्यांदा येईल तिथं ‘धरणग्रस्त’च ठेवावं आणि त्याच वाक्यात सांगावं की धरणासाठी ज्यांची गावं बुडवली ते. पुढं नुसतं धरणग्रस्त. कोर्टात किंवा सरकारात जायच्या कागदावर मात्र कायद्यातला शब्दही एकदा घालावा लागतो, नाहीतर हे कोण म्हणून अर्ज बाजूला पडतो. दया पवारांचं ‘बलुतं’ जेरी पिंटो यांनी २०१५ साली इंग्रजीत आणलं तेव्हा नाव ‘बलुतं’च ठेवलं, वाचणाऱ्यांनी ते गिळलं, कुणाच्या घशात अडकलं नाही. शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ २००३ साली इंग्रजीत आलं ते ‘द आउटकास्ट’ म्हणून. तोळ्याचे बारा मासे, त्यात एक कमी तो अक्करमाशी. बापाचं नाव नसलेल्या पोराला जग एक मासा कमी धरतं, हा हिशेब त्या शब्दात होता. इंग्रजी नावात बहिष्कार राहिला, पण तो एक मासा गेला. दरवेळी मूळ शब्द ठेवता येतोच असं नाही, हेही खरं. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’चं माया पंडित यांनी २००८ साली ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ केलं. शब्दाला शब्द पाहिलं तर एकही जुळत नाही. पण कर्ता आहे बघा. आम्ही. आणि आम्ही काय केलं तेही आहे.

आता आवाज. सूर म्हणा. मराठी निवेदनाची सुरुवात ‘मायबाप सरकार’ आणि शेवट ‘खबरदार!!!’. एकाच कागदावर पाय धरणं आणि गळा धरणं. आपल्याकडची निम्मी निवेदनं अशीच असतात, अर्ज लिहिणाऱ्याचा मायना जुना आणि सही करणाऱ्याचं डोकं नवं. पोरानं ‘रिस्पेक्टेड मदर-फादर गव्हर्नमेंट’ केलं आणि ‘खबरदार’चं ‘बी केअरफुल’. म्हणजे शेवटी आम्ही सरकारला सांगतोय की बाबा जपून जा, रस्त्यात खड्डे आहेत.

भल्या माणसानं दोन्ही टोकं कापली, ते बरंच केलं. पण मोकळ्या जागी त्यानं घातलं : वुई अर्ज द कन्सर्न्ड अथॉरिटीज टु काइंडली कन्सिडर अवर प्लाइट. संबंधित अधिकाऱ्यांनी कृपा करून आमच्या दैन्याचा विचार करावा. मायबाप मागच्या दारानं परत आला की! फरक एवढाच की आता त्यानं टाय बांधलाय. सभ्य सूर म्हणजे विनवणीचा सूर असं या लोकांनी कुठंतरी शिकलेलं असतं. काइंडली, हम्बली, प्लाइट, अनफॉर्च्युनेट हे चार शब्द ज्या कागदावर दिसतील तिथं समजावं की कुणीतरी आपल्याला वाकवलंय. यातलं ‘अनफॉर्च्युनेट’ सगळ्यात बदमाश, कारण ते दोष नशिबावर टाकतं.

आणि उलट बाजूला आपण. तीन उद्गारचिन्हं टाकली की राग पोचतो असं आपल्याला वाटतं. सभेत घोषणेला जोर माणसांचा असतो, कागदावर तो नसतो. कागदावर जोर येतो तारखेनं आणि आकड्यानं. म्हणून मी सुचवलं, ‘खबरदार’ काढा आणि लिहा की अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही इतकी माणसं कचेरीपुढं बसणार. वुई विल सिट. साधं भविष्यकाळी वाक्य, एकही उद्गारचिन्ह नाही. ज्याला वाचायचंय तो बरोबर वाचतो. पण बसणार असाल तरच लिहा.

हे सगळं मी एकटा कागद घेऊन शोधून काढलं असं नाही. दोन दिवसांची रजा टाकून कोयनानगरला गेलो तेव्हा आम्ही एक केलं. वाडीतली एक पोरगी नर्सिंग शिकते, इंग्रजी वाचते, आणि तिनं मराठी निवेदन पाहिलेलं नव्हतं. तिच्या हातात भल्या माणसाचा तिसरा कागद दिला आणि सांगितलं, वाचून आम्हाला मराठीत सांग, जसं समजेल तसं. समोर म्हाताऱ्या माणसांना बसवलं, ज्यांच्या नावानं हे सगळं चाललंय त्यांना.

पोरगी वाचत होती : आम्ही आमची जमीन धरणाला गमावली.

ऐंशीच्या पुढची एक आजी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “गमावली? जुगारात व्हय गं?”

सगळे हसले. ती नाही हसली. मी म्हटलं, आजी, मराठीत ‘जमीन गेली’ असं लिवलंय. तशी ती माझ्यावरच घसरली. “आरं, गेली कुठं? तिला काय पाय हायती? न्हेली त्येंनी. न्हेली म्हन की सरळ.”

कॉलेजातल्या पोरानं ‘वेंट’ केलं तेव्हा मी ‘पाय’ म्हणून हसलो होतो, तीच खोट म्हातारीनं मराठीत काढून दाखवली. गेली आणि नेली. एका अक्षराचा फरक, आणि तो आपल्या भाषेत पहिल्यापासून आहे. आपणच तो वापरायचा सोडला. बाप म्हणायचा जमीन गेली, आपण म्हणतो जमीन गेली, निवेदन लिहिणारा तेच लिहितो. म्हणजे इंग्रजी सुधारायला बसलो आणि पहिली दुरुस्ती मराठी कागदात करावी लागली. तिथं ‘धरणासाठी सरकारनं जमीन नेली’ झालं, मग इंग्रजीत ‘टुक’ आपसूक आलं, त्याला शोधावं लागलं नाही.

पुढं पोरगी आउटस्कर्ट्सपाशी आली आणि म्हणाली, आमची वाडी गावाच्या कडेला होती. आजी : “कडंला न्हवं. भाईर.” एवढंच. भल्या माणसाला मी नंतर फोनवर हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की इंग्रजीत आउटसाइड जरा कच्चं वाटतं. मी म्हटलं, वाटू दे. त्यानं बदललं.

असं उलटं वाचून घेताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वाचणाऱ्यानं मूळ पाहिलेलं नसावं, नाहीतर तो इंग्रजीत नसलेलं स्वतःच्या आठवणीनं भरून काढतो. आणि ऐकणाऱ्यात ते भोगलेला माणूस असावा, शिकलेला नसला तरी. यानं व्याकरणाची चूक सापडत नाही, ‘अ’ आणि ‘द’ सापडत नाहीत, ते भल्या माणसाचंच काम. यानं सापडतो तो बदललेला अर्थ. आमच्या दोन पानांत असे बदललेले अर्थ सात निघाले, आणि व्याकरणाची चूक एकही नव्हती.

भल्या माणसाला आणि त्याच्यासारख्यांना एक जुनी गोष्ट आठवून देतो. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं १९३६ च्या परिषदेसाठी बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. बाबासाहेबांनी भाषण इंग्रजीत लिहिलं, म्हणजे तिथं भाषांतराचा प्रश्न नव्हता आणि त्यांचं इंग्रजी सुधारायची कुणाची छाती नव्हती. तरीही मंडळवाले आलेच, हा भाग गाळा, तो भाग सौम्य करा म्हणत. बाबासाहेबांनी कळवलं की स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. मंडळानं परिषदच रद्द केली, आणि बाबासाहेबांनी भाषण स्वतः छापलं. मंडळवाले जातवादी नव्हते बरं का, जात तोडायला निघालेले होते. त्यांनाही फक्त सूर जरा खटकत होता.

आमचा स्वल्पविराम बदला. आमचे स्वल्पविराम चुकीच्या जागी पडतात, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. क्रियापद बदलण्याआधी विचारा.

निवेदन गेलंय. इंग्रजी कागदाला मराठी कागद टाचलाय, आणि इंग्रजीच्या शेवटी एक ओळ घातली आहे की मूळ मराठी आहे, दोन्हीत फरक दिसला तर मराठी खरं धरावं. आजीचा अंगठा मराठीवर आहे. इंग्रजीवर तिनं अंगठा द्यायला नकार दिला. म्हणाली, मला कळत न्हाई त्याच्यावर मी का दिऊ.